जुन्या कंपनीची नोटीस आली आहे: प्रतिस्पर्ध्याकडे गेलो म्हणून कोर्ट नोकरी सोडायला लावू शकतं का?

आडवा_बांध

औद्योगिक गोंद बनवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं अॅप्लिकेशन इंजिनिअर होतो. काम म्हणजे ग्राहकाच्या कारखान्यात जायचं, त्याच्या मशीनवर आमचा गोंद नीट बसत नसेल तर तापमान, थराची जाडी, सुकण्याचा वेळ जुळवून द्यायचा. राजीनामा दिला, साठ दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर हातात घेतलं आणि याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत रुजू झालो.

आता जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. नेमणूकपत्रातलं कलम १४ सांगतं की नोकरी सुटल्यापासून १८ महिने भारतात कुठेही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्पर्धक कंपनीत काम करायचं नाही. मोडलं तर सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई. कलम १५ सांगतं की वर्षभर त्यांच्या ग्राहकांना फितवायचं नाही. कलम १६ गोपनीयतेचं, त्याला मुदत नाही. सात दिवसांत नवी नोकरी सोडा, नाहीतर दावा लावू, असं लिहिलंय. नोटिशीची प्रत नव्या कंपनीलाही गेली आहे, त्यामुळे तिथले एचआर माझ्याशी एकदम जपून बोलायला लागलेत.

सही मी केली होती, ते नाकारत नाही. कोर्ट अशा वेळी नेमकं काय बघतं?

निवृत्त_एचआर

अहो, काही होत नाही. बावीस वर्षं मी हीच कलमं लोकांच्या गळ्यात बांधली. भारतात नॉन-कॉम्पीटला कवडीची किंमत नाही. माणूस घाबरावा एवढ्यासाठीच ते घालतात. नोटीस फाडून टाका आणि कामाला लागा.

दगडूशेट_नाही

असं कसं काका? सही केली म्हणजे करार झाला. माझ्या माहितीप्रमाणे कोर्ट बघतं की अट वाजवी आहे का. तीन वर्षं, पाच वर्षं असेल तर उडवतात, पण १८ महिने म्हणजे वाजवीच म्हणायचे. शिवाय यांचं काम तांत्रिक आहे, म्हणजे कंपनीचं हित गुंतलेलं आहे. मला तरी यांची बाजू लंगडी वाटते.

तारीख_पे_तारीख

मी दिवाणी बाजूची वकिली करते, नोकरीच्या करारांचे दावे दोन्हीकडून लढले आहेत. वरच्या दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. आधी दगडूशेट यांचा मुद्दा घेते, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे.

मुदत वाजवी आहे का, क्षेत्र वाजवी आहे का, ही कसोटी इंग्लंडची. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे. कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं ते सरळ म्हणतं. त्या कलमात ‘वाजवी’ हा शब्दच नाही. अपवाद दिलाय तो धंद्याची पत, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याचा. दुकान नावासकट विकलंत तर त्याच पंचक्रोशीत तेच दुकान पुन्हा थाटणार नाही, अशी अट तुमच्यावर घालता येते. नोकरदाराने काही विकलेलं नसतं.

कायदा आल्यावर दोनच वर्षांत, १८७४ मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयापुढे हा वाद आला होता. एकाच भागातल्या दोन व्यावसायिकांपैकी एकाने दुसऱ्याला ‘तू इथलं दुकान बंद कर, मी पैसे देतो’ म्हटलं, आणि पुढे पैसे दिलेच नाहीत. बंधन फक्त त्या भागापुरतं होतं, पूर्ण धंद्यावर नव्हतं, असा युक्तिवाद झाला. कोर्टाने मानला नाही: बंधन थोडं असो की पूर्ण, कलम २७ दोन्हीला लागतं. विधी आयोगाने १९५८ च्या तेराव्या अहवालात सुचवलं होतं की वाजवी बंधनांना वाट मोकळी करावी. संसदेने कायदा बदलला नाही. म्हणून आपलं कोर्ट ‘१८ महिने जास्त की कमी’ यात सहसा शिरतच नाही. पहिला प्रश्न वेगळाच असतो: बंधन नोकरी चालू असतानाचं आहे की संपल्यानंतरचं?

दगडूशेट_नाही

पण गोळीकरी केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता ना? मी तीच वाचली होती. त्यातही तांत्रिक कामगार आणि स्पर्धक कंपनीच होती.

तारीख_पे_तारीख

हो, आणि तीच केस अर्धी वाचून प्रत्येक नोटिशीत घातलेली असते. आडवा_बांध, तुमच्या नोटिशीतही असणार. ती नीट बघू.

कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनने टायरच्या दोऱ्याचं उत्पादन सुरू करायला परदेशी कंपन्यांकडून तंत्रज्ञान घेतलं होतं, आणि ते गुप्त ठेवायचं त्यांना कबूल केलं होतं. गोळीकरी शिफ्ट सुपरवायझर. त्यांचा करार पाच वर्षांचा, मार्च १९६३ पासून. या पाच वर्षांत दुसरीकडे असलं काम करणार नाही, अशी अट होती. प्रशिक्षण घेऊन ऑक्टोबर १९६४ मध्ये ते निघून गेले आणि कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मनाई हुकूम कायम ठेवला, पण तो मार्च १९६८ पर्यंतचाच. म्हणजे मूळ कराराची पाच वर्षं जिथे संपत होती तिथपर्यंत. पुढे एक दिवसही नाही. मनाईसुद्धा सरसकट नव्हती, टायरच्या दोऱ्याच्या तशाच कामापुरती होती.

करार जिवंत असताना घातलेलं बंधन कोर्ट एका नजरेने बघतं आणि करार संपल्यावरचं दुसऱ्या नजरेने. तुमचा करार कधी संपला? नोटीस पिरियड पूर्ण झाला आणि रिलीव्हिंग लेटर मिळालं त्या दिवशी. त्यानंतरचे १८ महिने म्हणजे संपल्यानंतरचं बंधन. गोळीकरीचा निकाल तुमच्या विरुद्ध जात नाही, उलट नीट वाचला तर उपयोगीच पडतो.

चिकूची_बाग

मला वेगळं विचारायचं आहे. माझ्या बहिणीने कंपनीला दोन लाखांचा बाँड लिहून दिलाय, तीन वर्षांच्या आत सोडायचं नाही म्हणून. मग तोही कलम २७ ने रद्दच ना? ती पुढच्या महिन्यात सोडणार आहे.

तारीख_पे_तारीख

चिकूची_बाग, तो वेगळा विषय आहे. ‘रद्दच ना’ असं धरून बहिणीला सोडायला सांगू नका. बाँडमध्ये तिला दुसरीकडे जायला मनाई नसते, लवकर गेलीस तर पैसे दे एवढंच असतं, आणि ते नोकरी चालू असतानाचं बंधन. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात हाच मुद्दा घेतला. तिथेही तीन वर्षं आणि दोन लाखच होते, अधिकारी मुदतीआधी दुसऱ्या बँकेत गेला होता. उच्च न्यायालयाने अट उडवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. सरकारी बँकेची भरती खुल्या जाहिरातीने होते, मधेच माणूस गेला की ती सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा विचार त्यात होता. बहिणीची कंपनी खाजगी असेल तर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ बसतो का, हा वाद कलम ७४ खाली होऊ शकेल. त्यासाठी कागद बघावे लागतील, इथे सांगता येणार नाही.

चिकूची_बाग

म्हणजे भरावे लागतील?

निवृत्त_एचआर

ताई, बहुतेक कंपन्या शेवटच्या हिशेबातून कापून घेतात आणि मोकळ्या होतात. कोर्टात कोणी जात नाही.

विलायती_वाट

मी दहा वर्षं लंडनमध्ये आहे. दगडूशेट म्हणतात ती कसोटी इथे खरंच चालते, हे सांगायला लिहितोय. माझ्या करारात सहा महिन्यांचं नॉन-कॉम्पीट होतं. मी पाच महिने घरी बसून काढले, कारण वकील म्हणाला की हे टिकण्यासारखं आहे. १८९४ च्या एका तोफा-बंदुकांच्या धंद्याच्या खटल्यापासून इथे ‘वाजवीपणा’ बघतात: कंपनीचं जपण्यासारखं हित कोणतं, आणि त्यासाठी लागतं त्याहून जास्त बंधन घातलंय का. २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तर अटीतले दोनच जादा शब्द कापून बाकीची अट वाचवली. त्या शब्दांमुळे स्पर्धक कंपनीत थोडेसे शेअर घ्यायलाही मनाई होत होती. म्हणून भारतातल्या बातम्या वाचून इकडच्या लोकांनी निर्धास्त राहू नये, आणि इकडचे लेख वाचून तिकडच्यांनी घाबरू नये.

तारीख_पे_तारीख

विलायती_वाट, बरोबर. गंमत म्हणजे आपलं कलम २७ त्या काळच्या इंग्लिश कायद्यावरून उचललेलं नाही. न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी जो दिवाणी कायद्याचा मसुदा केला होता, त्यावरून ते आलं. न्यूयॉर्कने तो मसुदा स्वीकारला नाही, कॅलिफोर्नियाने स्वीकारला. म्हणून आज या बाबतीत आपण लंडनपेक्षा कॅलिफोर्नियाच्या जवळ आहोत.

लघुउद्योजक

सगळे कर्मचाऱ्याच्याच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझं चाळीस माणसांचं युनिट आहे. एका पोराला मी चार वर्षं घडवला, परदेशी प्रदर्शनाला नेला, प्रत्येक ग्राहकाची ओळख करून दिली. तो गेला आणि तीन महिन्यांत माझे दोन मोठे ग्राहक त्याच्या मागे गेले. मी कोर्टात गेलो तर वकील म्हणतो, साहेब, कलम २७. हा कुठला न्याय?

आणि मॅडम, एक प्रश्न. १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हणे हा प्रश्न सोडवलाच नाही. माझ्या दुसऱ्या वकिलाने हे सांगितलं. मग तुम्ही इतक्या ठामपणे कशा सांगता?

तारीख_पे_तारीख

तुमच्या दुसऱ्या वकिलाने नीट वाचलंय. त्या केसमध्ये कंपनी मालाचा दर्जा आणि वजन तपासून देण्याचं काम करायची. दिल्ली शाखेच्या व्यवस्थापकाला कंपनीने काढून टाकलं आणि त्याने तसाच धंदा स्वतः सुरू केला. करारात होतं की कंपनी ‘सोडल्यावर’ दोन वर्षं शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी असं करायचं नाही. तीनपैकी दोन न्यायमूर्ती म्हणाले की सोडणं म्हणजे स्वतःहून जाणं, याला तर काढलंय, म्हणून अट लागूच होत नाही. कलम २७ च्या मोठ्या प्रश्नात ते शिरले नाहीत. तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी मात्र स्वतंत्र लिहिलं: नोकरी संपल्यानंतरचं बंधन रद्द, आणि वाजवीपणाचा प्रश्न तिथे येतच नाही.

पुढे कोर्टांनी सेन यांचीच वाट धरली. २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्यांच्या जुन्या एजन्सीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तीन वर्षांचा करार संपला होता. एजन्सीचं म्हणणं होतं की दुसऱ्याचा प्रस्ताव घेण्याआधी तो आम्हाला दाखवा, तितकेच पैसे आम्ही दिले तर आमच्याकडेच राहा. वरवर पाहता हे नॉन-कॉम्पीटही नाही. तरीही करार संपल्यानंतर लटकणारी अट म्हणून ती कलम २७ खाली गेली. तो वाद तात्पुरत्या मनाईच्या टप्प्यावरचा होता हे खरं, पण त्यानंतर उच्च न्यायालयांना दिशा मिळाली. तेव्हा मी ठाम आहे ती ‘संपल्यानंतर नोकरीच करू नको’ एवढ्याच बाबतीत.

तुमच्या ग्राहकांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे तुमची बाजू इतकी पडकी नाही. त्यावर येते.

आडवा_बांध

मॅडम, खूप आभार. एक गोष्ट आधी लिहायची राहिली. नोटिशीत असंही म्हटलंय की राजीनाम्याच्या बारा दिवस आधी मी एक एक्सेल फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवली. पाठवली हे खरं आहे. तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता आणि मला घरून कोटेशन करायचं होतं. त्या फाइलमध्ये साठेक ग्राहकांची नावं, कोणाला कोणता ग्रेड लागतो, आणि प्रत्येकाला दिलेला डिस्काउंट आहे. नंतर मी ती उघडलेलीही नाही. आता डिलीट करून टाकू का?

निवृत्त_एचआर

अरे लगेच उडवा! ट्रॅशमधूनसुद्धा.

तारीख_पे_तारीख

नाही. अजिबात डिलीट करू नका.

काका, रागावू नका, पण या धाग्यातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच आहे. मेल गेल्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर आहे, म्हणूनच तर तारखेसकट नोटिशीत आली. नोटीस मिळाल्यानंतर फाइल पुसली तर तिच्यात काय होतं यावर वाद घालायला तुमच्याकडे काही उरत नाही, आणि कोर्ट सहज म्हणतं की लपवण्यासारखं होतं म्हणूनच पुसलं. आहे तिथे राहू द्या. उघडू नका, नव्या कंपनीच्या लॅपटॉपवर ते जीमेल लावूही नका. लॅपटॉप दुरुस्तीला गेल्याची आयटीची तिकीट वा मेल असेल तर ती शोधा, आणि त्या दिवशी खरंच कोटेशन गेलं असेल तर कोणाला गेलं ते लिहून ठेवा.

आता खरी लढाई कुठे आहे ते सांगते. कंपनीच्या वकिलालाही कलम २७ माहीत असतं. त्यामुळे दाव्यात कलम १४ नावापुरतं येतं आणि सगळा भर गोपनीयतेवर टाकतात: ‘याच्याकडे आमची माहिती आहे, हा तिथे बसला की ती वापरणारच, म्हणून याला तिथे बसू देऊ नका.’ म्हणजे पुढच्या दाराने जे मिळत नाही ते मागच्या दाराने. चांगला न्यायाधीश इथे विचारतो की कोणती माहिती? दाखवा. ती बाहेर सहज मिळते का? याला ती कशी मिळाली? वापरल्याचं वा वापरणार असल्याचं काय दिसतं? ‘आमचं नो-हाऊ’, ‘व्यापारी गुपितं’ असं ढोबळ लिहिलेलं असेल तर दावा तिथेच ढिला पडतो.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या करा. सहा वर्षांत अंगात मुरलेलं कौशल्य, म्हणजे कुठल्या पृष्ठभागावर किती तापमानाला गोंद धरतो याचा अंदाज, हे तुमचं आहे. ते घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता. कंपनीच्या वहीतला नेमका फॉर्म्युला, अमुक रेझिन इतके टक्के, हार्डनर इतके, हा कंपनीचा. तो डोक्यात असला तरी नव्या ठिकाणी ओतायचा नाही. मधला पट्टा धूसर आहे आणि तिथेच साक्षीपुरावे लागतात.

आणि ती एक्सेल. त्यावर दोन जुने निकाल समोरासमोर ठेवते. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका परदेशी बँकेने आपल्या राजीनामा दिलेल्या अधिकाऱ्याला रोखायचा प्रयत्न केला: ही दुसऱ्या बँकेत चालली, हिला आमचे श्रीमंत ग्राहक माहीत आहेत. कोर्टाने मनाई दिली नाही. ग्राहकांची नावं, फोन नंबर माहीत असणं एवढ्यावर कोणाची नोकरी बदलण्याची वाट अडवता येत नाही. उलट त्याच्या दहाएक वर्षं आधी, त्याच न्यायालयाने टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याला ग्राहकांचा डेटाबेस वापरायला मनाई केली होती. तिथे कष्टाने, पैसे खर्चून जमवलेली यादीच त्याच्याकडे होती आणि कोर्टाने ती कॉपीराइटखाली धरली.

तुमची फाइल यात कुठे बसते? नुसती नावं असती तर पहिल्याकडे झुकली असती. ग्रेड आणि डिस्काउंटचा रकाना असल्यामुळे दुसऱ्याकडे झुकते. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून मऊ करून सांगणार नाही. पण त्याचा परिणाम काय, तेही बघा. यादी वापरू नका, परत द्या, तसं प्रतिज्ञापत्र द्या, असा हुकूम होऊ शकतो. नोकरी सोडा, असा होणं फार कठीण.

लघुउद्योजक

आणि ग्राहक फितवण्याचं?

तारीख_पे_तारीख

इथे कोर्टं एकसुरात बोलत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका प्रकरणात माजी व्यवस्थापकाला स्पर्धकाकडे काम करायला मोकळं सोडलं, पण जुन्या ग्राहकांकडे आणि पुरवठादारांकडे जाऊन त्यांना वळवण्यास मनाई केली. २००६ मध्ये दोन कंपन्यांमधला ‘एकमेकांची माणसं पळवायची नाहीत’ हा करारही त्याच कोर्टाने ग्राह्य धरला, कारण बंधन कंपनीवर होतं, नोकरी बदलणाऱ्या माणसावर नव्हतं. तेव्हा लघुउद्योजक, पुढच्या वेळी ‘कुठेही काम करू नको’ असं लिहिण्यापेक्षा ‘गेल्या वर्षभरात तू ज्या ग्राहकांचं काम पाहिलंस त्यांच्याकडे धंदा मागायला जाऊ नको’ असं लिहिलंत तर कोर्टात उभं राहायला जागा मिळेल. आणि दरपत्रकं सगळ्यांना उघडी ठेवू नका. जे तुम्ही स्वतः गुप्त ठेवलं नाही ते कोर्टाने गुप्त का मानावं, असा प्रश्न येतोच.

लघुउद्योजक

आमच्याकडे ड्राइव्हवर सगळ्यांना सगळं दिसायचं, हे खरं. पण ग्राहक स्वतःहून त्याच्याकडे गेला की त्याने बोलावलं, हे मी कसं सिद्ध करणार? ग्राहक काही माझ्या बाजूने साक्ष द्यायला येत नाही. पटलं नाही मला.

टंकभूत

गार्डन लीव्ह घातली तर? आमच्या कंपनीत नवीन करारात आलंय: राजीनाम्यानंतर तीन महिने घरी बसा, पूर्ण पगार घ्या. पगार देतायत म्हणजे अन्याय नाही, मग चालत असेल.

तारीख_पे_तारीख

नोकरी त्या तीन महिन्यांत चालू असते की संपलेली, यावर बरंच काही ठरतं. मुंबई उच्च न्यायालयात अशी एक अट आली होती. तिथे राजीनाम्यानंतर तीन महिने मोबदला देऊन स्पर्धकाकडे जायला मनाई होती. कोर्टाने पगार मिळतोय म्हणून ती वाचवली नाही, कलम २७ लागू होतं असंच प्रथमदर्शनी म्हटलं. पण नोटीस पिरियडच लांब ठेवला आणि त्या काळात माणूस खऱ्या अर्थाने नोकरीत राहिला, तर मुद्दा बदलू शकतो. तुमच्या कराराची भाषा बघितल्याशिवाय कुठल्या बाजूला पडेल हे मी सांगणार नाही.

आडवा_बांध

मी आता काय करू? सात दिवसांपैकी चार गेले.

तारीख_पे_तारीख

तुमच्या गावातल्या वकिलाकडे आजच जा. दोन कामं लगेच करायची. एक, नोटिशीला उत्तर द्या: कलम १४ नोकरी संपल्यानंतर लागू होत नाही, गोपनीयता मी पाळतो आहे आणि पाळेन. फाइलबद्दल खोटं काही लिहू नका आणि जरुरीपेक्षा जास्तही लिहू नका. दुसरं, ज्या कोर्टात दावा येण्याची शक्यता आहे तिथे कॅव्हेट दाखल करा. करारात कुठल्या शहराचं कोर्ट लिहिलंय ते बघा. कॅव्हेट ९० दिवस चालतं आणि त्यामुळे तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळणं अवघड होतं. अशा दाव्यांत निकाल लागेपर्यंत ते १८ महिने कधीच उलटून गेलेले असतात, म्हणून सगळा जीव तात्पुरत्या मनाईच्या अर्जात असतो. कोर्ट तिथे तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी बाजू कोणाची, मनाई दिली वा नाकारली तर जास्त नुकसान कोणाचं, आणि ते नुकसान पैशाने भरून निघण्यासारखं आहे का. करारातच सहा महिन्यांचा पगार अशी रक्कम लिहिली आहे, म्हणजे कंपनीनेच आपल्या नुकसानीला पैशाचं मोजमाप दिलंय. हा मुद्दा तुमच्या वकिलाला आवर्जून सांगा.

करारात लवाद असेल तर दाव्याऐवजी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज येईल. तपासणारं कोर्ट वेगळं, प्रश्न तेच.

दगडूशेट_नाही

आणि ती सहा महिन्यांच्या पगाराची भरपाई? मनाई नाही मिळाली तरी पैसे तर मागतील.

तारीख_पे_तारीख

मागतील. पण अटच रद्द असेल तर ती मोडल्याबद्दलची भरपाई कशावर उभी राहणार? गोपनीयता मोडल्याचं सिद्ध झालं तर मात्र नुकसानभरपाई मागता येते, आणि तिथेही करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे.

आडवा_बांध

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दावा आला. कॅव्हेटमुळे आम्हाला आधी प्रत मिळाली. अर्जात कलम १४ चं दीड पान आणि एक्सेलची नऊ पानं, मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. सुनावणीत न्यायाधीशांनी त्यांच्या वकिलाला विचारलं, याने नोटीस पिरियड पूर्ण केला होता का? ते हो म्हणाले. मग विचारलं, तुम्हीच रिलीव्हिंग लेटर दिलंत का? तेही हो म्हणाले. नोकरी सोडायला लावणारा अंतरिम हुकूम मिळाला नाही. एक्सेलबाबत मात्र आमच्या वकिलांनी स्वतःहून निवेदन दिलं: फाइल सीलबंद पेनड्राइव्हवर कोर्टात जमा करतो, वापरलेली नाही, वापरणार नाही. ते नोंदवून घेतलंय. कलम १५ वर पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे.

यातून नवीन अडचण निघाली. त्या साठांपैकी एका ग्राहकाने काल मला स्वतःहून फोन केला. म्हणाला, तुमच्या जुन्या कंपनीचा नवा माणूस आमच्या मशीनला हात लावायला घाबरतो, तुम्हीच या. नव्या कंपनीला त्यांची ऑर्डर हवी आहे. मी जाऊ का?

तारीख_पे_तारीख

पुढची तारीख होईपर्यंत तुम्ही स्वतः जाऊ नका. नव्या कंपनीने, ज्याचा त्या यादीशी कधी संबंध आला नाही असा माणूस पाठवावा आणि दर स्वतःच्या हिशेबाने द्यावा. ग्राहकाला म्हणावं, जे बोलायचं ते मेलवर लिहून पाठवा, म्हणजे पुढाकार कोणाचा होता ते कागदावर राहील. आलेल्या ग्राहकाला ‘हो’ म्हणणं म्हणजे फितवणं नव्हे, असं मी कोर्टात मांडेन. समोरचा म्हणेल, फोन नंबर कुठून आला? तुमचा फोन जुनाच आहे ना?

आडवा_बांध

हो, नंबर माझा खाजगी आहे, सहा वर्षं तोच. त्यांच्या प्रत्येक ग्राहकाकडे आहे.

लघुउद्योजक

घ्या. माझ्या पोराचंही हेच होतं. नंबर त्याचा खाजगी होता, बिल मात्र मी भरत होतो.

टंकभूत

बिल कंपनीने भरलं असेल तर तो नंबर कंपनीचा की त्याचा? हा प्रश्न कोणी कोर्टात नेलाय का?